उंचीचा घात

चिकलठाण्यात आरोग्य तपासणी ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. एमआयडीसीतल्या कारखान्यांत वर्षातून एकदा होते, मोहल्ल्यात शिबिर लागतं तेव्हा होते. वजनकाट्यावर उभं करतात, भिंतीला टेकवून उंची मोजतात आणि हातात एक चिठ्ठी देतात. चिठ्ठीवर बीएमआयचा आकडा असतो. आपल्याकडे 23 च्या खाली असला तर ठीक, 23 ते 25 जादा वजन आणि 25 किंवा त्याहून जास्त म्हणजे लठ्ठपणा, असा हिशेब भारतीयांसाठी धरतात. ज्याचा आकडा 23 च्या जरा अलीकडे, तो खुश. ज्याचा जरा पलीकडे, तो भात सोडतो.

गेल्या काही दिवसांत ओळखीच्या दोन-तीन जणांनी मला ‘नव्या बीएमआय’बद्दल विचारलं. त्यांचं म्हणणं असं की, जुनं सूत्र चुकीचं आहे, ऑक्सफर्डच्या एका गणितज्ञाने ते दुरुस्त केलंय आणि बुटक्या माणसांना आजवर खोटा दिलासा मिळत होता. यातलं अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्यावर मला सविस्तर लिहायचंय, कारण आपल्या घरातल्या बायकांची उंची पाहता हा प्रश्न सगळ्यात जास्त त्यांचाच आहे.

आधी दोन्ही सूत्रं समोर ठेवू. वजन किलोत, उंची मीटरमध्ये.

```
जुना BMI = वजन / उंची^2
नवा BMI  = 1.3 × वजन / उंची^2.5
```

नवं सूत्र निक ट्रेफेथेन यांचं. ते तेव्हा ऑक्सफर्डला गणिताचे प्राध्यापक होते आणि जानेवारी 2013 मध्ये ‘द इकॉनॉमिस्ट’ साप्ताहिकाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी ते मांडलं. त्यांचा मुद्दा साधा होता. माणूस म्हणजे कागदाचा तुकडा नव्हे. त्याला उंची, रुंदी आणि जाडी अशी तिन्ही मापं असतात. एखादा माणूस दुसऱ्यापेक्षा 10 टक्के उंच असेल आणि त्याच प्रमाणात रुंद व जाडही असेल, तर त्याचं वजन घनाच्या हिशेबाने 33 टक्के जास्त भरेल. जुनं सूत्र मात्र वर्ग वापरतं, म्हणजे त्याला फक्त 21 टक्के जादा वजनाची सूट देतं. उरलेल्या वजनाचा ठपका बिचाऱ्या उंच माणसावर चरबी म्हणून बसतो. बुटक्या माणसाचं याच्या बरोबर उलट होतं.

पण खरी माणसं घनाच्या हिशेबानेही वाढत नाहीत. उंच माणसं सहसा त्या प्रमाणात रुंद नसतात. म्हणून ट्रेफेथेन यांनी 2 आणि 3 च्या मधला 2.5 हा घात घेतला. त्या हिशेबाने 10 टक्के उंच माणसाला साधारण 27 टक्क्यांची सूट मिळते. गंमत म्हणजे हा अडीचचा आकडाही नवा नाही. बेल्जियमच्या ज्या केतले यांच्या नावाने जुनं सूत्र ओळखलं जातं, त्यांनीच 1835 च्या पुस्तकात लिहून ठेवलंय की मूल वाढत असताना त्याच्या वजनाचा वर्ग उंचीच्या पाचव्या घाताच्या प्रमाणात वाढतो. म्हणजेच वजन उंचीच्या अडीचव्या घाताने वाढतं. मात्र वाढ पूर्ण झालेली वेगवेगळ्या उंचीची माणसं शेजारी उभी केली, तर वजन उंचीच्या वर्गाच्या जवळपास जातं, असंही त्यांनीच नोंदवलंय. एकाच माणसाची वाढ आणि मोठ्या माणसांमधली तुलना, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता सूत्रात 1.3 कुठून आला? 1.69 चं वर्गमूळ 1.3 येतं. म्हणजे उंची 169 सेंटीमीटर असेल तर दोन्ही सूत्रं एकच उत्तर देतात. त्याहून बुटक्या माणसाचा नवा आकडा जुन्यापेक्षा मोठा येतो, उंच माणसाचा लहान. किती मोठा आणि किती लहान, ते काढायची सोपी रीत अशी: उंचीचं वर्गमूळ काढा, 1.3 ला त्याने भागा आणि येणाऱ्या उत्तराने जुना आकडा गुणा. 190 सेंटीमीटरला साधारण 6 टक्के घट होते, 145 ला 8 टक्के वाढ. मधल्या उंचीच्या माणसाला हा सगळा वाद ऐकून सोडून दिला तरी चालेल.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. एक खाला आहेत, उंची 145 सेंटीमीटर, वजन 47 किलो. अशा उंचीच्या बायका आपल्या कुठल्याही लग्नघरात डझनाने सापडतील. जुन्या सूत्राने 47 भागिले 2.1025, उत्तर 22.4. चिठ्ठीवर ‘नॉर्मल’. नव्या सूत्राने उत्तर येतं 24.1. चिठ्ठीवर ‘जादा वजन’. आता 190 सेंटीमीटर उंचीचा, 84 किलोचा एक पोरगा घ्या. जुन्या सूत्राने 23.3, म्हणजे जादा वजन. नव्याने 21.9, म्हणजे नॉर्मल. दोघांचा शेरा उलटला आणि दोघांच्या अंगात काहीच बदललं नाही.

इथपर्यंत ऐकून बरेच जण म्हणतात, बघा, खालांना फसवलं गेलं होतं. मला हे मान्य नाही आणि त्याचं कारण त्या 1.3 मध्येच आहे.

169 सेंटीमीटर ही ‘मधली उंची’ कुणाची? आपल्या बायकांची तर नाहीच. भारतातल्या प्रौढ बायकांची सरासरी उंची सुमारे 152 सेंटीमीटर आहे. याचा अर्थ 1.3 वापरलं की खालांसारख्या बुटक्या बाईचाच नाही, तर अगदी सरासरी उंचीच्या भारतीय बाईचा आकडाही साधारण 5 टक्क्यांनी वर जातो. जुन्या सूत्राने 23 असलेली बाई बसल्या जागी 24.3 वर पोहोचते. आणि 23 ही रेघ कुणी आखली? आशियाई लोकांची आकडेवारी पाहून तज्ज्ञांनी, जुन्याच सूत्राच्या हिशेबाने. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाचा यावरचा अहवाल 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला, तेव्हा अडीचच्या घाताचं हे पत्र लिहिलंच गेलं नव्हतं. नव्या फुटपट्टीने मोजायचं आणि जुन्या फुटपट्टीवरची खूण बघायची, हा तर कापड मीटरने मोजून भाव वाराचा लावण्यासारखा प्रकार झाला.

हिशेब प्रामाणिकपणे करायचा तर मधली उंची आपली घ्यावी लागेल. 1.52 चं वर्गमूळ 1.233 येतं. 1.3 च्या जागी ते ठेवून, घात अडीचचाच ठेवून, खालांचा आकडा पुन्हा काढला तर येतो 22.9. म्हणजे 23 च्या आत, अगदी काठावर. जुन्या 22.4 पेक्षा जास्त आहे, तेवढा मुद्दा ट्रेफेथेन यांना दिला पाहिजे. पण शेरा पुन्हा ‘नॉर्मल’. ‘जादा वजना’चा शिक्का बसला होता तो मुख्यतः परक्या उंचीवर बेतलेल्या एका गुणकामुळे. अडीचच्या घाताचं काम फक्त अर्ध्या अंकाचं होतं.

राहिला प्रश्न घाताचा. वर्ग ही काही डोळे मिटून घेतलेली गोष्ट नव्हती. ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव 1972 मध्ये अॅन्सेल कीज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिलं, तेव्हा त्यांनी सात हजारांहून अधिक माणसांची मापं घेऊन वेगवेगळी सूत्रं ताडून पाहिली होती. चांगल्या सूत्राची एक कसोटी अशी की त्याच्या आकड्याचा उंचीशी संबंध नसावा. केवळ बुटका आहे म्हणून कुणी लठ्ठ ठरू नये. त्या कसोटीवर वर्गाचं सूत्र बरं उतरलं. वजन खरोखर वर्गाच्या हिशेबाने जात असेल आणि आपण अडीचने भागलं, तर बुटकी माणसं सरसकट जाड ठरतील आणि उंच माणसं सरसकट सुटतील. एक मोठी उणीव मात्र कीज यांच्या कामात होती: मोजलेली सगळी माणसं पुरुष होती. दुसरीकडे ट्रेफेथेन यांचं पत्र हा गणिती युक्तिवाद होता. कोणत्या आकड्याला मधुमेह किती, हृदयविकार किती, याचा अभ्यास त्यात नव्हता.

आणि घात कोणताही घेतला तरी एक गोष्ट दोन्ही सूत्रांना दिसत नाही: वजनातली चरबी किती आणि ती कुठे आहे. याचा सगळ्यात बोलका पुरावा आपल्या पुण्यातून आला. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचंच उदाहरण छापलं. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. पण शरीरातली चरबी युडकिन यांच्यात 9.1 टक्के आणि याज्ञिक यांच्यात 21.2 टक्के! आपली माणसं दिसायला बारीक असतात, पण आत, विशेषतः पोटात, चरबी साठलेली असते. हा फरक अर्ध्या अंकाचा नाही, दुपटीहून मोठा आहे, आणि तो पकडण्यात उंचीच्या घाताची काहीच मदत होत नाही.

म्हणून माझं मत असं आहे. शिबिरात सूत्र बदलू नये. जुनंच ठेवावं, कारण रेघा त्याच्याच हिशेबाने आखलेल्या आहेत. पण उंची 150 सेंटीमीटरच्या आत किंवा 180 च्या वर असेल, तर काठावरच्या आकड्याला निकाल समजू नये. बुटक्या बाईने 22 च्या पुढे निर्धास्त राहू नये, उंच पोराने 23.5 पाहून घाबरू नये. चपला काढूनच उंची मोजावी. 145 च्या खाला टाचेच्या चपलांमुळे 147 भरल्या, तर जुना आकडा 22.4 वरून 21.8 वर उतरतो. सूत्रांच्या भांडणाइतकाच फरक नुसत्या चपलांनी पडतो, आणि अडीचच्या घाताने तो आणखी वाढतो.

दुसरं, काट्याशेजारी मापाची टेप असावी. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, टेप न आवळता माप घ्यायचं. आपल्याकडे पुरुषांसाठी 90 सेंटीमीटर आणि बायकांसाठी 80 सेंटीमीटर ही मर्यादा धरतात. शिबिरात परक्या पुरुषासमोर हे माप द्यायला आपल्या बायका संकोचतात आणि तो रकाना कोरा राहतो. तिथे माप घेणारी बाई हवी, किंवा शिवणकामाची टेप घेऊन घरीच मोजावं. ती टेप जवळपास प्रत्येक घरात असते.

त्या खालांचं पोट 84 भरलं, तर 22.4 खरे की 24.1 खरे हा वाद बाजूला ठेवून त्यांची साखर तपासायला न्या. 72 भरलं, तर त्यांना सुखाने भात खाऊ द्या.