‘लिंक आहे’ म्हणजे काय, साहेब?

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती कुणाची मेहेरबानी नाही. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना भांडले, तेव्हा १९४४ साली ती सुरू झाली. आज तिचा पैसा मंजूर होतो, सरकारातून सुटतो आणि पोराच्या हातात पडत नाही. कॉलेज म्हणतं समाजकल्याणला जा. समाजकल्याण म्हणतं बँकेत जा. बँकेतला साहेब मान वर न करता म्हणतो, ‘आधार लिंक आहे. पुढचा कोण?’

मी म्हणतो, सगळी गोम या ‘लिंक आहे’ मध्येच आहे.

लिंक दोन असतात. एक बँकेच्या घरातली. खातं काढताना आधारची झेरॉक्स दिली, नंबर चढला, झालं. ही लिंक तुमच्या चार बँकांत चार असू शकतात. दुसरी लिंक एनपीसीआयच्या यादीत असते. त्या यादीत एका आधारपुढं एकाच बँकेचं नाव असतं, शेवटी जिनं चढवलं तिचं. खाते नंबर तिथं नसतोच. सरकार पैसा आधार नंबरावर सोडतं, यादी बँक दाखवते, आणि ती बँक आपल्याकडच्या आधार जोडलेल्या खात्यात तो टाकते. तुमच्या हातातलं पासबुक या वाटेत कुठंच येत नाही. साहेब पहिली लिंक बघून बोलतो, पैसा दुसरीनं जातो.

आमच्या वसतिगृहातला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचा पोरगा घ्या. खातं गावच्या बँकेत, शाळेत असताना काढलेलं. वर्षभर चकरा, खात्यात छदाम नाही. मी त्याच्याबरोबर बसलो. myaadhaar.uidai.gov.in वर आधार नंबर आणि मोबाईलवर आलेला ओटीपी टाकून Bank Seeding Status उघडलं. समोर बँक भलतीच! सिमकार्ड घेताना दुकानदारानं अंगठा घेतला होता, त्यातच एका पेमेंट्स बँकेत याचं खातं निघालं होतं. याला पत्ताच नाही. तिथला खातेउतारा काढला, तर शिष्यवृत्तीचे दोन हप्ते गुपचूप पडून होते. ही काही एकट्याची गोष्ट नाही. २०१७ साली लाखो लोकांचं गॅसचं अनुदान असंच न मागितलेल्या खात्यांत गेलं होतं.

तेव्हा पोरानं पैसे आले नाहीत म्हटलं की आधी हे पान उघडा. बँक दुसरी दिसली, तर पैसे त्या बँकेत शोधा. Inactive दिसलं किंवा बँकच दिसली नाही, तर पैसा परत फिरलेला असणार. बँक बरोबर आणि Active असेल, तर त्याच बँकेत आपलं दुसरं खातं आहे का ते विचारा. तिथंही नसेल, तर गाठ कॉलेजशी आणि समाजकल्याणशी आहे.

यादीतली बँक बदलायची, तर तोंडी सांगून भागत नाही. डीबीटीसाठी आधार सीडिंगचा संमती अर्ज मागा. आधीची बँक बदलून इथं पैसे हवेत, या रकान्यावर खूण करा, आधीच्या बँकेचं नाव लिहा. तारखेची, सही-शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. चार दिवसांनी तेच पान पुन्हा बघा. नाव बदललं, तरच काम झालं.

आमच्या पोराचा अर्ज इथंही अडला. पासबुकावर घरचं नाव, आधारवर पूर्ण नाव. क्लार्क म्हणाला, आधार बदलून आण. मी म्हणालो, का म्हणून? आधार दहावीच्या सर्टिफिकेटशी जुळतंय, चूक तुमच्या रजिस्टरात आहे. आधारवरचं नाव जन्मात दोनदाच बदलता येतं, ते उगाच खर्चू नका. केवायसीचा अर्ज देऊन बँकेतलं नाव दुरुस्त केलं, मग सीडिंग झालं.

बँक अर्जच घेत नसेल, तर शाखेला लेखी तक्रार द्या. तीस दिवसांत उत्तर नाही आलं, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जा.

पण हे सगळं पोरानंच का करायचं? कुणाच्या आधारपुढं यादीत कुठली बँक आहे, हे पैसा सोडण्याआधी सरकारला बघता येतं. मग बघून त्या पोराला कळवत का नाही? पैसा चुकीच्या घरी टाकायचा आणि वर ‘तुझ्याच खात्यात दोष’ म्हणायचं, ही जुनीच रीत आहे. पूर्वी तलाठी करायचा, आता कॉम्प्युटर करतो.

म्हणून पुढचा मोर्चा समाजकल्याणवर न्याल तेव्हा निवेदनात एक मागणी घाला. पैसा सोडण्याच्या महिनाभर आधी प्रत्येक विद्यार्थ्याच्या यादीतल्या बँकेचं नाव त्याला कॉलेजनं लेखी द्यावं. आणि साहेब ‘लिंक आहे’ म्हणाला की विचारा : कुठल्या यादीत, साहेब? दाखवा.