एका घरात एकच कर नसतो



‘करमुक्त रोखे सगळ्यांत चांगले, व्याजावर एक पैसाही कर नाही.’ हे वाक्य आपल्या घरांत इतक्या वेळा ऐकलंय की त्यावर वाद घालणं म्हणजे मोठ्यांना उलट बोलणं. पण मी वाद घालणार आहे.

आमच्या मावससासूबाई इथेच, सोलापुरात, बाळीवेशीजवळ राहतात. वय ७४. पेन्शन नाही, भाडं नाही, १५ लाखांच्या ठेवीचं व्याज एवढंच उत्पन्न. त्यांचा मुलगा पुण्याला, पगार भरपूर, ३० टक्क्यांच्या टप्प्यात. त्याच्या सल्लागाराने आईची ठेव मोडून राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाच्या ७.३५ टक्क्यांच्या करमुक्त रोख्यांत घालायला सांगितली. काकू म्हणाल्या, ‘मुलगा म्हणतोय म्हणजे बरोबरच असेल.’

इथेच खोट आहे. असे रोखे २०१६ नंतर नव्याने निघालेलेच नाहीत. जुने आहेत ते शेअर बाजारात, दुसऱ्याकडून विकत घ्यावे लागतात, आणि चढ्या भावाने. समजा, १००० चा रोखा १०७९ ला मिळाला आणि मुदत पाच वर्षं उरली. दरवर्षी ७३.५० रुपये हातात येतात, पण शेवटी १००० च परत मिळतात. वरचे ७९ गेले. हे धरून खरा परतावा ७.३५ नाही, साधारण साडेपाच टक्के पडतो. सल्लागार ७.३५ सांगतो. विचारायचा आकडा मुदतीपर्यंतच्या परताव्याचा.

काकूंच्या १५ लाखांत असे १३९० रोखे येतात. वर्षाला एक लाख दोन हजार मिळतात. सात टक्क्यांच्या ठेवीत एक लाख पाच हजार मिळाले असते. फरक किरकोळ वाटतो ना? म्हणूनच कोणी बोलत नाही. पण पाच वर्षांनी ठेवीचे १५ लाख परत येतात आणि रोख्यांचे १३ लाख ९० हजार. सगळं मिळून काकूंचं सव्वा लाखाच्या आसपास नुकसान. आणि वाचवला किती कर? शून्य, कारण एवढ्या उत्पन्नावर त्यांना कर लागतच नव्हता. ठेवीच्या व्याजातून बँकेने कर कापू नये म्हणून बँकेत तसा फॉर्म भरला की काम झालं.

आता तोच मुलगा घ्या. ३० टक्के आणि वर ४ टक्के उपकर. त्याच्या सात टक्क्यांच्या ठेवीतून हातात ४.८२ टक्के राहतात, म्हणजे साडेपाचचा रोखा त्याच्यासाठी खरोखर चांगला. वीस टक्क्यांच्या टप्प्यात ठेवीचे ५.५४ उरतात, तिथे दोन्ही जवळपास सारखे. पाच टक्क्यांच्या टप्प्यात ६.६४ उरतात, म्हणजे ठेवच बरी. गंमत अशी की मुलाची स्वतःची रक्कम ठेवीत होती आणि रोखे आईच्या नावावर. नेमकं उलटं!

इक्विटी फंडाचं गणित वेगळं. वर्षापेक्षा जास्त ठेवून विकला तर वर्षाकाठी सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर कर नाही, त्यावर १२.५ टक्के, मग टप्पा कोणताही असो. ३० टक्केवाल्याला म्हणून तो स्वस्त पडतो. पण नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत कर नाही असं जे आपण ऐकतो, ती सूट या नफ्याला मिळत नाही. आणि परतावा कोणी बांधून देत नाही, तेव्हा त्याची तुलना ठेवीशी करूच नये. पाच-सात वर्षं लागणार नाहीत असे पैसे असतील तरच तिकडे बघावं.

‘मग बायकोच्या नावावर ठेव करू, तिला कर नाही,’ असं म्हणणाऱ्यांनाही सांगते. नवऱ्याने दिलेल्या पैशाचं व्याज नवऱ्याच्याच उत्पन्नात धरलं जातं. आपण मात्र सही करून मोकळ्या होतो. तुमचं स्त्रीधन, माहेरून आलेले पैसे, शिवणकामाची कमाई, हे तुमचं. त्याचं व्याज तुमच्याच टप्प्याने मोजलं जातं, म्हणून ते वेगळ्या खात्यात ठेवा. मुलाने आईला दिलेल्या पैशाला मात्र ही अट नाही. तिचं व्याज तिच्याच नावे मोजतात, आणि हे आपल्याकडे फारच थोड्यांना ठाऊक आहे.

काकूंचे रोखे आता विकायचे म्हटलं तर गिऱ्हाईक रोज मिळत नाही, भावही पडतो. म्हणून आम्ही ठरवलं की मुलानेच ते बाजारातून आईकडून आलेल्या भावाने घ्यावेत. मिळालेल्या पैशांच्या ठेवी तीन बँकांत, कारण विमा एका बँकेत व्याजासह पाच लाखांपर्यंतच असतो. एकेका बँकेत साडेचार लाखच ठेवलेत. उरलेले काकू पोस्टात टाकणार आहेत. मुलगा थोडा रुसलाय.