फुटाला फुलं किती?

झेंडूच्या बाबतीत आपल्याकडे दोन पंथ आहेत. पहिला 'द्या दहा किलो, उरली तर उरली' पंथ आणि दुसरा 'दार साडेतीन फूट ना, मग माळ चार फूट' पंथ. पहिल्या पंथाची फुलं दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी उकिरड्यावर दिसतात. दुसऱ्या पंथाचं तोरण चौकटीवर असं ताणून बसवलेलं असतं, की दारावर तोरण नसून वाळत घालायची दोरी आहे आणि धोब्यानं कपडे आणायचेच राहिलेत, असं वाटावं. माझं भांडण या दोन्ही पंथांशी आहे. चार दमड्यांची झेंडूची फुलं, त्यात काय मोजायचं, असं म्हणणाऱ्या सर्वांशी आहे. कॅशमध्ये पाच पैसे कमी आले तर रात्री आठपर्यंत बसणारे आमचे हेडकॅशियरसुद्धा फुलवाल्यापुढे 'अंदाजे द्या हो' म्हणतात, तेव्हा माझ्या वाणिज्य शाखेच्या पदवीला घाम फुटतो.

मुळात 'एक फूट माळ' या शब्दांना काही अर्थ नाही. म्हणजे फूट बारा इंचांचाच असतो, पण माळ किती फुलांची? झेंडू हे फार सोशीक फूल आहे. दाबलं तर दबतं, सैल सोडलं तर फुगून बसतं. दाभणानं खालच्या हिरव्या देठवाटीतून मधोमध ओवलं, की फूल दोऱ्यावर आडवं न पसरता आपल्या जाडीपुरतीच जागा अडवतं. अशी मध्यम फुलं मी ओवून मोजली आहेत. सहज टेकवून ओवली तर फुटाला नऊ बसतात, बोटानं रेटून ओवली तर अकरा, आणि ओवणाऱ्याच्या मनात पाप असेल तर सहा! तिन्ही माळा फूटपट्टीवर एक फूटच भरतात. म्हणून नुसता फुटाचा भाव ठरवणं म्हणजे रकमेची जागा कोरी ठेवून चेकवर सही करण्यासारखं आहे.

हाताच्या मापाची गोष्ट तर सोडाच. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात, म्हणजे साधारण दीड फूट. घेणाऱ्याचा हात नेहमीच लांब असतो आणि विकणाऱ्याचा आखूड, हा काही झेंडूपुरता नियम नव्हे. पण झेंडूत तो फार बोचतो.

आता साडेतीन फुटी दाराचंच घ्या. म्हणजे बेचाळीस इंच. तोरणाला मधे पाच इंच झोळ हवा. त्यासाठी माळ किती जास्त लागेल? लोक डोळे मिटून 'फूटभर' म्हणतात. प्रत्यक्षात लागते दीड इंच! हिशेब असा: झोळाच्या खोलीचा वर्ग करा, त्याला आठानं गुणा आणि दाराच्या रुंदीच्या तिपटीनं भागा. पाचाचा वर्ग पंचवीस, आठानं गुणून दोनशे, भागिले एकशे सव्वीस. झाला दीड इंच. झोळ दुप्पट, म्हणजे दहा इंच केला, तर वाढीव माळ दुप्पट नव्हे, चौपट होते, सव्वासहा इंच. उथळ झोळ जवळजवळ फुकट मिळतो, खोल झोळ मात्र चक्रवाढ व्याजासारखा वसुली करतो. दाराला खरी माळ खातात ती दोन्ही बाजूंना सोडलेली टोकं. फूट-फूट म्हटलं तरी चोवीस इंच. वर गाठींना थोडी, की झाली सहा फूट. फुटाला नऊ म्हणजे चोपन्न फुलं. आमच्या बाजारात मध्यम फूल पावकिलोत पस्तीस भरलं, तेव्हा चोपन्न फुलांना अर्धा किलोसुद्धा लागला नाही. दहा किलोवाल्यांनी याची नोंद घ्यावी.

हे पस्तीस मी फुलवाल्यासमोर मोजले. तो म्हणाला, "साहेब, फुलं मोजायलाव, नोटा हैत का त्या?" मी म्हटलं, "बाबा रे, नोटांवर निदान आकडा छापलेला असतो." पावभर मोजायला दोन मिनिटं लागतात आणि त्यावाचून पुढचा सगळा हिशेब हवेत राहतो. कारण कलकत्ता झेंडूचं टपोरं फूल किलोत कमी बसतं, बारकं मखमली ढीगभर बसतं, आणि पावसात भिजलेलं कोणतंही फूल पाण्याच्या भावानं नव्हे, फुलाच्या भावानं पाणी देतं. शिवाय पाकळ्यांत अडकलेलं ते पाणी फूल आतून कुजवतं. पाकळ्या बाजूला करून मध पाहावा. तो तपकिरी असेल तर पुढच्या टोपलीकडे वळावं.

पण पंथीयांचा खरा पराक्रम दिसतो तो मंचावर. जिंतूरमधल्याच एका समारंभाचा चोवीस फुटी मंच. कडेला दुपदरी झेंडू लावायचा ठरला. एक सदस्य म्हणाले, "चोवीस दुणे अठ्ठेचाळीस फूट." दुसरे म्हणाले, "छे, दहा किलो आणा." एवढ्यावर सभा आटोपून चहा आला. मी चहा प्यालो, पण सही केली नाही.

मंचाची कडा म्हणजे सरळ रेघ नव्हे. दर तीन फुटांवर खिळा, म्हणजे आठ झोळ. वरचा पदर नऊ इंच खाली येणार, खालचा पंधरा इंच, नाही तर दोन पदर एकमेकांवर बसून एकच दिसतील. इतक्या खोल झोळाला माझं वरचं सूत्र चालत नाही, ते जास्त सांगतं. मग सुतळी घ्यायची, दोन खिळ्यांना हवी तेवढी लोंबती बांधायची, उतरवून मोजायची. मोजली. वरचा पदर एक्केचाळीस इंच, खालचा एकोणपन्नास. मिळून नव्वद इंच, म्हणजे साडेसात फूट. म्हणजे दुपदरी ही एकपदरीची दुप्पट नसते, मंडळी! खालचा पदर नेहमी जास्त खातो. आठ झोळांचे साठ फूट. नऊ खिळ्यांवर फूटभराचं एकेक लटकन, ते नऊ. एकूण एकोणसत्तर फूट, सहाशे एकवीस फुलं. फुटकी, चिरडलेली दहा टक्के धरून सहाशे त्र्याऐंशी. किलोला एकशे चाळीसप्रमाणे पाच किलोला थोडी कमी. अठ्ठेचाळीसवाल्यांचा मंच तिसऱ्या हिश्श्याला उघडा पडला असता, आणि दहावाल्यांची पाच किलो फुलं वाया गेली असती. बाजारात सण संपला की भाव कोसळतो आणि शेतकरी टोपल्या रस्त्यावर ओतून घरी जातात, ते पाहिलेल्यानं तरी फुलं अशी उधळू नयेत.

गंमत म्हणजे, ज्या फुलावाचून आपला दसरा होत नाही, ते मूळचं मेक्सिकोचं. तिथे ते मृतात्म्यांच्या सणाला वेदीवर वाहतात. आपण त्याला दारावर टांगलं, सुवासिनींच्या हातात दिलं आणि त्याचं मूळ गाव विचारायचं विसरलो. असो.

समारंभ दोन दिवसांचा असेल तर फुटाला नऊऐवजी अकराचा हिशेब धरावा. दुसऱ्या दिवशी फूल आक्रसतं आणि मधला दोरा दिसू लागतो. आणि दर पाच-सहा फुलांनंतर गाठ मारायला सांगावं, नाही तर सगळी फुलं घसरून झोळाच्या तळाशी जमतात. वर दोन्ही बाजूंना मोकळा दोरा आणि मधे फुलांची गर्दी, पहिल्या तारखेच्या आमच्या काउंटरसारखी.