पानाच्या तळाशी कोणाचे नाव?

पर्युषणातील प्रभावनेसाठी पुण्यातील एका कुटुंबाला ३०० स्टीलचे डबे हवे होते. एका संकेतस्थळावर बाजारभावापेक्षा बरेच कमी दर दिसले. अट एवढीच, की ४२,००० रुपये आगाऊ भरावेत. "पप्पाजी, पैसे पाठवण्यापूर्वी हे दुकान कोणाचे, ते पाहू या," असे धाकट्या सुनेने सुचविले.

पानाच्या तळाशी एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीचे नाव, १९९६ पासूनच्या सेवेचा उल्लेख आणि जीएसटी क्रमांक होता. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० अन्वये ऑनलाइन विक्रेत्याने आपले कायदेशीर नाव, मुख्यालयाचा पत्ता व तक्रार अधिकाऱ्याचा तपशील ठळकपणे देणे आवश्यक आहे. तक्रार अधिकाऱ्याचे नाव कोठेही नव्हते.

नंतर सुनेने lookup.icann.org येथे संकेतस्थळाचे नाव टाकले. मालकाच्या रकान्यात REDACTED एवढेच आले. त्यावरून संशय घेणे योग्य नव्हे. युरोपातील २०१८ च्या गोपनीयता कायद्यानंतर सचोटीच्या व्यापाऱ्यांचीही नावे अशीच झाकली जातात. परंतु Creation Date झाकली जात नाही. ती केवळ नऊ आठवड्यांपूर्वीची होती. जुनी पेढी संकेतस्थळ नव्याने उघडू शकते, हे खरे. उलट जुने नाव विकत घेतले तर तारीखही जुनीच दिसते. तारखेने प्रश्न उभा राहतो, उत्तर मिळत नाही.

उत्तर मिळाले ते जीएसटी क्रमांकात. त्याची १५ अक्षरे निरर्थक नसतात. पहिले दोन अंक राज्याचे. महाराष्ट्राचे २७, गुजरातचे २४. पुढील दहा अक्षरे म्हणजे पॅन, आणि पॅनचे चौथे अक्षर, म्हणजे संपूर्ण क्रमांकातील सहावे, धारक कोण ते सांगते: कंपनीसाठी C, भागीदारी पेढीसाठी F, हिंदू अविभक्त कुटुंबासाठी H, व्यक्तीसाठी P. येथे सहाव्या स्थानी P होते. कंपनीच्या क्रमांकात ते असूच शकत नाही.

जीएसटीच्या शासकीय संकेतस्थळावर Search Taxpayer मध्ये तोच क्रमांक टाकताच दुसऱ्याच राज्यातील एका किराणा दुकानदाराचे नाव आले. क्रमांक खरा, पण उचललेला! त्या बिचाऱ्याला याची वार्ताही नसावी. क्रमांक जुळला म्हणजे दुकान खरे, असे मानणारे नेमके येथेच फसतात. कारण तळाचा मजकूर कोणीही दुसरीकडून उतरवून घेऊ शकतो.

सासऱ्यांनी मग व्यापाऱ्याला साजेशी अखेरची कसोटी लावली. पैसे कोणत्या नावाच्या खात्यात भरायचे, असे त्यांनी विचारले. कळविलेले नाव ना कंपनीचे होते, ना किराणा दुकानदाराचे. ते तिसऱ्याच व्यक्तीचे बचत खाते होते. जीएसटीचे पक्के बिल मागताच पलीकडून उत्तर येणे थांबले.

डबे अखेर रविवार पेठेतून आले, नगामागे १२ रुपये अधिक देऊन.