मुलीकडे एक्स दोन, मग काम दुप्पट का नाही?

शिक्षक मित्रांनो, पालकहो, मुलगा-मुलगी कसं ठरतं हे शिकवताना आपण फळ्यावर एक्सएक्स, एक्सवाय लिहितो आणि थांबतो. माझं म्हणणं, तिथं थांबू नका. मुलं विचारतातच, "मुलीकडे एक्स दोन, मग त्यावरच्या जनुकांचं काम दुप्पट होतं का?"

होत नाही. पुरावा जासईच्या गल्लीतही दिसेल: तिरंगी मांजर. केशरी रंगाचं जनुक एक्सवर असतं. मांजरी गर्भात असताना तिची प्रत्येक पेशी एक एक्स बंद करते. कोणता, ते नशिबावर. तिच्यापासून झालेल्या पेशीही तोच बंद ठेवतात. म्हणून कुठं केशरी ठिपका, कुठं काळा. पांढरा रंग मात्र दुसऱ्या जनुकाचा. बोक्याकडे एक्स एकच, म्हणून तिरंगी बोका क्वचितच. तोही बहुधा एक्सएक्सवाय. ही कल्पना मेरी लायन यांनी 1961 मध्ये मांडली.

पण हाच सगळ्यांचा नियम, असं शिकवू नका. फळमाशीत मादीचे दोन्ही एक्स चालू राहतात आणि नर आपला एकुलता एक्स दुप्पट राबवतो. हे 1965 मध्ये मुखर्जी आणि बीरमान यांनी दाखवलं. ही सोय बिघडली तर नरच मरतात. सूत्रकृमीत तिसरीच तऱ्हा: दोन एक्सवाला जीव दोन्हींचं काम निम्म्यावर आणतो.

आणि "बंद" हा शब्दही जपून वापरा. आपल्या बंद एक्सवरची काही जनुकं चालूच असतात.