पालक सोडला, दहीही सोडले. मूतखडा पुन्हा झालाच

मोर्शीतल्या आमच्या एका शेजाऱ्यांना तीन वर्षांत दुसऱ्यांदा मूतखडा झाला. पहिल्या वेळी तपासणीत तो ‘कॅल्शियम ऑक्सॅलेट’चा निघाला. ऑक्सॅलेट पालकात, म्हणून डाळभाजी बंद. कॅल्शियम दुधात, म्हणून दूध-दहीही बंद. पाणी मात्र पूर्वीसारखेच, तहान लागली तर.

यातला दुधाचा निर्णय उलटा पडतो. भाजीतले ऑक्सॅलेट आणि दह्यातले कॅल्शियम आतड्यातच एकमेकांना धरतात आणि शौचावाटे निघून जातात. जेवणात कॅल्शियम नसेल तर ऑक्सॅलेट मोकळे राहते, रक्तात शिरते आणि लघवीत उतरते. इटलीत 120 रुग्णांवर पाच वर्षे झालेला अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. कॅल्शियम कमी केलेल्या 60 जणांपैकी 23 जणांना पुन्हा खडा झाला. कॅल्शियम नेहमीइतके ठेवून मीठ आणि मांस कमी केलेल्या 60 जणांपैकी 12 जणांना. मिठाचे कारण असे की ते लघवीतून जाताना कॅल्शियमही सोबत ओढून नेते. इफ्तारच्या दस्तरखानावरचे पापड-भजी म्हणूनच पालकाइतकेच संशयित!

पालकात ऑक्सॅलेट भरपूर असते, हे खरेच. पण ऑक्सॅलेट आपले यकृतही तयार करते. पालक सोडून ते थांबत नाही. भाजी उकडून पाणी फेकले तर बरेच ऑक्सॅलेट निघून जाते. मग ती कधीमधी, त्याच जेवणात वाटीभर दह्यासोबत खावी. दही चार तासांनी खाऊन उपयोग नाही.

सर्वांत मोठा भाग पाण्याचा. खडा होऊन गेलेल्याला दिवसाला अडीच लिटर लघवी व्हावी लागते, म्हणजे साधारण तीन लिटर पाणी, वऱ्हाडच्या उन्हात त्याहून जास्त. रोज्यात ते रात्रीतच बसवायचे. पाव लिटरचा पेला धरला तर बारा पेले: दोन इफ्तारला, दोन जेवणाच्या आसपास, पाच तरावीहच्या आधी-नंतर आणि झोपेपर्यंत, एक रात्री उठल्यावर, दोन सहरीला. सगळे सहरीलाच ढोसले तर तासा-दोन तासांत निघून जाते. लघवी फिकट असेल तर पाणी पुरले. गडद पिवळी असेल तर रात्रीचा हिशेब चुकला. यातले दोन पेले लिंबूपाण्याचे चालतील, साखर-मीठ न घालता. आपल्या संत्र्यातले सायट्रेटही खडा जमण्याला अडवते.

हा हिशेब सगळ्यांसाठी नाही. हृदय किंवा किडनी कमजोर असलेल्यांना पाणी मोजूनच प्यावे लागते. युरिक ॲसिडच्या खड्याचे पथ्य वेगळे, म्हणून पडलेला खडा फेकू नये, तपासायला द्यावा. वारंवार खडे होत असतील तर रोजे ठेवण्याआधीच डॉक्टरांना विचारावे. कळ येऊन सोबत थंडी-ताप असेल किंवा लघवी बंद झाली असेल, तर मगरिबची वाट पाहू नये. रोजा सोडून त्याच तासाला दवाखाना गाठावा. आजाऱ्याला सवलत आहे, रोजा नंतर भरून काढता येतो.

शेजाऱ्यांच्या घरी परवा डाळभाजी होती. बाजूला दह्याची वाटी होती आणि ताटात पापड नव्हता.