किडनी बदलल्यावर डॉक्टर गोळ्या कमी का करतात?

गांधीबागच्या औषध बाजारातून महिन्याच्या गोळ्या नेणाऱ्या किडनी प्रत्यारोपणाच्या रुग्णाला एकच धाक असतो : डोस चुकला तर शरीर किडनी नाकारेल. त्यामुळे डॉक्टरांनीच गोळी कमी केली की घरचे घाबरतात.

कारण असते ‘बीके’ व्हायरस. तो बहुतेकांच्या शरीरात लहानपणापासून निपचित असतो. प्रतिकारशक्ती दबली की नव्या किडनीत वाढतो. समजा, चौथ्या महिन्यात क्रिएटिनिन १.२ वरून १.७ झाले. ताप नाही, दुखणे नाही. हे रिजेक्शन समजून स्टेरॉइड वाढवले, तर व्हायरस आणखी फोफावतो. खरे कारण रक्ताच्या पीसीआर चाचणीतून, गरज पडल्यास बायोप्सीतून कळते.

सीएमव्ही या दुसऱ्या व्हायरसवर व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर आहे. बीकेवर मात्र खात्रीचे औषध नाही. म्हणून बहुतेकदा आधी मायकोफेनोलेट, मग टॅक्रोलिमस कमी करून शरीरालाच लढू दिले जाते. यात रिजेक्शनचा धोका असतोच. म्हणून क्रिएटिनिन वारंवार तपासतात आणि डोस स्वतःहून कधीच कमी करायचा नसतो.

पहिले नऊ महिने दरमहा पीसीआर व्हायला हवी. तिचा खर्च सरकारी योजनांनी प्रत्यारोपणाच्या खर्चातच धरावा. क्रिएटिनिन वाढेपर्यंत थांबलो, तर किडनीचे नुकसान सुरू झालेले असते.